जुन्या प्रणालींचा अडथळा कुणी पाहिला?

झिरो ट्रस्ट या नेटवर्क-सुरक्षेच्या पद्धतीवर मी एम.एस्सी.साठी साहित्य-आढावा लिहीत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिला मसुदा परत दिला तेव्हा आठव्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. वाक्य असं होतं: "झिरो ट्रस्टच्या स्वीकारातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे जुन्या प्रणाली [७], [१२], [१५], [२१]." समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "या चौघांपैकी प्रत्यक्ष कुणी पाहिलं?"

मला उत्तर देता येईना. चारही पेपर मी वाचले होते, त्यांच्या नोंदी झोटेरोत नीट लावल्या होत्या, तरी हा प्रश्न मला पडलाच नव्हता. एका मुद्द्याला चार संदर्भ म्हणजे मुद्दा चौपट भक्कम, असं मी धरून चालले होते. पुढचे तीन महिने मुख्यतः त्या एका ओळीत गेले. झिरो ट्रस्टवर आढावा लिहायला बसलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

मी फोंड्याला राहते आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याचं नेटवर्क सांभाळते. नोकरी करता करता एम.एस्सी. चालू होतं. विषय मीच निवडला, कारण तो रोज डोळ्यांसमोर होता. आमच्याकडे अजून जुनी पद्धत आहे: बाहेर मोठी फायरवॉल, आणि एकदा का तुम्ही तिच्या आत आलात, केबलने किंवा व्हीपीएनने, की तुम्ही आपले. झिरो ट्रस्टमध्ये 'आत असणं' ही ओळख मानतच नाहीत. माणूस कोण, त्याच्या हातातलं यंत्र कोणतं, ते कोणत्या स्थितीत आहे, आणि त्याला नेमकं काय उघडायचं आहे, हे प्रत्येक विनंतीला तपासून मगच दार उघडतात. फॉरेस्टर या संस्थेत विश्लेषक असलेल्या जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये ही कल्पना या नावाने मांडली. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये एसपी ८००-२०७ हा दस्तऐवज काढून तिला नेमकी व्याख्या दिली. कल्पना समजायला सोपी आहे. मला शोधायचं होतं ते हे, की ती संस्थांमध्ये उतरवताना अडतं कुठे.

शोधापासून सांगते. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये मी हे टाकलं होतं:

```
TITLE-ABS-KEY ( "zero trust" AND ( adopt* OR implement* OR migrat* )
AND ( challeng* OR barrier* ) ) AND PUBYEAR > 2009
```

शेकडो पेपर आले, आणि ॲबस्ट्रॅक्ट वाचू लागल्यावर लक्षात आलं की बहुतेक माझ्या कामाचे नाहीत. `challeng*` हा शब्द जवळजवळ प्रत्येक ॲबस्ट्रॅक्टमध्ये असतो. "अमुक क्षेत्रात सुरक्षेची आव्हानं वाढत आहेत, म्हणून आम्ही झिरो ट्रस्टवर आधारलेला नवा प्रोटोकॉल सुचवतो" या धाटणीचे पेपर सगळ्यांत जास्त. त्यात झिरो ट्रस्ट हा उपाय असतो आणि आव्हानं दुसऱ्याच कशाची तरी असतात. मला हवे होते ते पेपर ज्यात झिरो ट्रस्ट आणतानाच अडचण आली. म्हणून मी निवडीची अट बदलली: पेपरमध्ये एखादी संस्था किंवा संस्थांचा गट झिरो ट्रस्ट आणतो आहे, किंवा आणण्याबद्दल बोलतो आहे, असं दिसलं तरच तो ठेवायचा. चाळून ४१ उरले.

पण या चाळणीतून एक मोठी गोष्ट निसटली होती. गूगलने स्वतःचं अंतर्गत जाळं बदललं, त्या बियॉन्डकॉर्प प्रकल्पाबद्दल त्यांच्याच अभियंत्यांनी युझनिक्सच्या 'लॉगिन' या नियतकालिकात २०१४ पासून लेखमाला लिहिली. त्या लेखांच्या शीर्षकांत `zero trust` हे शब्दच नाहीत. माझ्या शोधात ते आले नाहीत. एका पेपरच्या संदर्भसूचीतून मागे जात असताना ते मला सापडले. असं सूचीतून मागे मागे जाण्याला स्नोबॉलिंग म्हणतात, आणि २०१४ मध्ये वोलिन यांनी त्याची पद्धत नीट लिहून ठेवली आहे. माझ्या विषयात ही पायरी टाळली असती तर सर्वांत वजनदार पुरावाच हातून गेला असता.

आता त्या वाक्याकडे येते.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी चारही संदर्भ पुन्हा उघडले आणि प्रत्येकात 'जुन्या प्रणाली' हे शब्द जिथे येतात तिथे तो लेखक कुणाकडे बोट दाखवतो ते पाहिलं. नावं घेत नाही. [७] हा २०२३ चा सर्वेक्षण-पेपर. त्याने हा मुद्दा २०२१ च्या एका आढाव्याच्या आधारे लिहिला होता. त्या आढाव्यात गेले, तर तिथे आधार होता एनआयएसटीच्या ८००-२०७ चा. [१२] नेही तोच २०२१ चा आढावा वापरला होता. [१५] ने एका सुरक्षा-उत्पादनं विकणाऱ्या कंपनीचं पत्रक दिलं होतं, आणि त्या पत्रकात दोन परिच्छेदांनंतर तीच कंपनी त्या अडथळ्यावरचं आपलं उत्पादन पुढे करत होती. [२१] मध्ये संदर्भच नव्हता. लेखकांनी स्वतःच्या प्रस्तावित रचनेवरून तर्क केला होता की जुनी उपकरणं तिच्यात बसणार नाहीत. तर्क चुकीचा नव्हता, पण त्यांनी ती रचना कुठे बसवून पाहिली नव्हती.

म्हणजे चार संदर्भांखाली एक मानक दस्तऐवज, एक विक्रीचं पत्रक आणि एक तर्क एवढंच होतं. प्रत्यक्ष पाहणारा कुणीच नव्हता.

मग मूळ ८००-२०७ वाचलं. आधी फक्त व्याख्या आणि सात तत्त्वं वाचून मी ते बाजूला ठेवलं होतं, ही माझी चूक. त्यात जुन्या प्रणालींबद्दल जे आहे ते, उद्धृत करणाऱ्यांनी जेवढं घेतलं होतं त्यापेक्षा बरंच नेमकं आहे. कोणतीही मोठी संस्था उपकरणं बदलण्याच्या एकाच फेरीत झिरो ट्रस्टवर जाईल हे संभवत नाही, आणि जुनी-नवी पद्धत दीर्घकाळ शेजारी शेजारी चालेल, असं ते म्हणतं. शिवाय ज्या जुन्या यंत्रणांना स्वतःचा पहारेकरी देता येत नाही त्यांच्यासाठी त्यात एक मांडणी सुचवली आहे: अशा यंत्रणांचा एक गट करायचा आणि पहारेकरी गटाच्या दारावर बसवायचा. लगेच तिची मर्यादाही दिली आहे. दारातून आत आल्यावर गटातल्या प्रत्येक यंत्रणेला वेगळं संरक्षण मिळेलच असं नाही, आणि ज्याला जे उघडायचा अधिकार नाही तेही त्याच्या नजरेस पडू शकतं. थोडक्यात, 'जुन्या प्रणाली अडथळा आहेत' एवढंच हा दस्तऐवज म्हणत नाही. त्यांच्यासाठी वाट आहे आणि त्या वाटेवर काय गमवावं लागतं, हे तो सांगतो. माझ्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

हे वाचताना मला सतत आमची क्यूसी लॅब दिसत होती. तिथे औषधाची शुद्धता तपासणारी एचपीएलसी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाला एक संगणक जोडलेला आहे. त्यांतल्या काहींवर विंडोज ७ आहे. दुपारी कँटीनमध्ये मी क्यूसीतल्या थोरल्या सहकाऱ्याला विचारलं, "दादा, ते संगणक बदलत का नाहीत?" आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो.

त्यांनी भाजी-पावाची बशी बाजूला सारली आणि हळूहळू समजावलं. "अगो, तो नुसता संगणक नव्हे. यंत्र, सॉफ्टवेअर आणि विंडोज हे सगळं मिळून एकदा क्वालिफाय केलंय. त्यातलं तू एक हलवलंस की चेंज कंट्रोल उघडायचा, परत तपासण्या करायच्या, कागद करायचे. तोवर त्या यंत्रावर बॅच सोडता येत नाही."

"आणि एखादा छोटा सुरक्षा-प्रोग्राम टाकला तर?"

"तोही बदलच. ऑडिटर विचारणार, हा कधी आला, याने निकालावर काय परिणाम झाला?"

झिरो ट्रस्टच्या पुष्कळ मांडण्या यंत्रावर एक एजंट, म्हणजे असाच छोटा प्रोग्राम, बसलेला असेल असं धरून चालतात. तो एजंट यंत्राची स्थिती कळवतो आणि त्यावरून दार उघडायचं की नाही ते ठरतं. आमच्या त्या संगणकांवर एजंट बसवायला तांत्रिक अडचण एक, आणि दादांनी सांगितलेली दुसरी, जी पूर्णपणे नियमपालनाची आहे. 'जुन्या प्रणाली' या दोन शब्दांत मी या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या होत्या.

मी उत्साहाने हे सगळं आढाव्यात घालायला निघाले. मॅडमनी थांबवलं. "तुझी लॅब हा तुझा अनुभव. साहित्य-आढाव्यात तो पुरावा म्हणून चालणार नाही, आणि कंपनीची लेखी परवानगी नसताना तर मुळीच नाही. पण त्या लॅबमधून प्रश्न घे आणि ते प्रश्न घेऊन पेपर परत वाच." मला ते तेव्हा थोडं लागलं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि आढाव्याला खरं वळण तिथेच मिळालं.

मी माझा तक्ता मोडला. आधी तो वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचा होता: उभ्या बाजूला पेपर, आडव्या बाजूला संकल्पना, आणि जिथे जुळेल तिथे खूण. पद्धत चांगली आहे, पण माझ्या तक्त्यात सगळ्या खुणा सारख्या दिसत होत्या. एखाद्याने दोन वर्षं खपून लिहिलेला अनुभव आणि एखाद्याने प्रस्तावनेत ओझरता केलेला उल्लेख, दोन्हींना तीच बरोबरची खूण. मी खुणांच्या जागी अक्षरं टाकली. 'प्र' म्हणजे प्रत्यक्ष: लेखकांनी स्वतः अंमल केला किंवा झालेला जवळून पाहिला. 'वि' म्हणजे विचारून: मुलाखती किंवा प्रश्नावली. 'त' म्हणजे तर्क. 'उ' म्हणजे उसना, दुसऱ्याच्या पेपरवरून घेतलेला. आणि प्रत्येक 'उ' चा माग मूळ धन्यापर्यंत काढायचा, असा नियम केला.

श्रावणात पावसाने उसंत दिली नाही. सुटी मिळाली की मी कदंबच्या बसने पणजीला जायचे आणि पाटो इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात दिवसभर बसायचे. एका पेपरचे उसने मुद्दे मुळापर्यंत न्यायला सुरुवातीला अर्धा दिवस लागायचा. पुढे वेग आला, कारण वाटा त्याच त्या चार-पाच ठिकाणी जाऊन मिळत होत्या. चतुर्थीला घरी माटोळी बांधून झाल्यावर रात्री मी तक्ता उघडला, तेव्हा 'जुन्या प्रणाली' हा स्तंभ वरपासून खालपर्यंत जवळजवळ 'उ' आणि 'त' ने भरलेला होता. 'प्र' हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पण जे 'प्र' होते त्यांनी मला बरंच शिकवलं. बियॉन्डकॉर्पच्या २०१६ च्या लेखांमध्ये गूगलच्या अभियंत्यांनी काय अडलं ते स्पष्ट लिहिलं आहे. मला वाटलं होतं तिथे जुन्या सर्व्हरांची रड असेल. काही प्रमाणात आहेही: त्यांचा प्रवेशाचा मध्यस्थ वेबच्या एचटीटीपी रहदारीसाठी होता, आणि जी साधनं वेबवर चालत नव्हती त्यांना त्यातून न्यायला वेगळी बोगद्यासारखी सोय करावी लागली. पण त्यांनी धडा म्हणून जी गोष्ट आवर्जून नोंदवली ती यंत्रांच्या नोंदींची आहे. कोणतं यंत्र कुणाचं, त्याचा क्रमांक काय, ते कोणत्या स्थितीत आहे, ही माहिती वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या याद्यांमध्ये होती, आणि एकाच यंत्राच्या नोंदी एकमेकींशी जुळवणं अवघड गेलं. कुणीतरी टंकताना चूक केली, क्रमांकाचे अंक उलटसुलट झाले, एखादा रकाना रिकामा राहिला, तर पूर्वी त्याने फारसं बिघडत नसे. नव्या पद्धतीत त्या चुकीमुळे माणसाचं यंत्र अनोळखी ठरतं आणि त्याचं काम बंद पडतं.

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी आमची स्वतःची मालमत्ता-यादी उघडली. आढाव्यासाठी नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी. आयटीची यादी वेगळी, अकाउंट्सची वेगळी, क्यूसीच्या उपकरणांची तिसरीच, आणि तिन्हींत त्याच संगणकाला तीन नावं. एचपीएलसीच्या विंडोज ७ ची चिंता करत बसलेली मी, आणि झिरो ट्रस्ट आणायचं म्हटलं तर आमचं पहिलं अडलं असतं ते या यादीपाशी. पण 'यादीची अचूकता' हा स्तंभ माझ्या पहिल्या तक्त्यात नव्हताच, कारण सर्वेक्षण-पेपरांच्या आव्हानांच्या याद्यांमधून मी स्तंभ उचलले होते आणि तिथे तो मला स्वतंत्र असा दिसला नव्हता.

आता आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चूक फार सहज होते. माझ्या प्रस्तावनेत पहिलंच वाक्य होतं की जगातल्या ६३ टक्के संस्थांनी झिरो ट्रस्ट स्वीकारलं आहे. आधार गार्टनर या सल्लागार संस्थेच्या एप्रिल २०२४ च्या निवेदनाचा. मॅडमनी विचारलं, "६३ टक्क्यांनी स्वीकारलं असेल, तर तू स्वीकारातल्या अडथळ्यांवर कशाला लिहितेस?" परत जाऊन पाहिलं, तर मूळ शब्द 'पूर्णतः किंवा अंशतः' असे आहेत, आणि त्याच निवेदनात पुढे म्हटलं आहे की बहुतेक ठिकाणी हे धोरण संस्थेच्या पसाऱ्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी भागालाच लागू आहे. दोन्ही भाग शेजारी ठेवले की वाक्याचा अर्थ उलटतो: सुरुवात पुष्कळांनी केली, पण ती अर्ध्या वाटेवर आहे. प्रस्तावना मी तशी बदलली, आणि त्या बदलामुळे प्रश्नही नेमका झाला. संस्था झिरो ट्रस्ट सुरू का करत नाहीत, हे सोडून सुरू केल्यावर उरलेल्या अर्ध्यात काय अडतं, याकडे मी वळले.

अशा सल्लागार संस्थांचं आणि कंपन्यांचं साहित्य घ्यावं की नाही यावर आम्ही बरंच बोललो. या विषयात ते टाळता येत नाही, कारण प्रत्यक्ष काम करणारे लोक जर्नलमध्ये क्वचितच लिहितात. २०२१ मध्ये 'कॉम्प्युटर्स अँड सिक्युरिटी' मध्ये बुक आणि सहकाऱ्यांचा जो आढावा आला, त्यातही त्यांनी दोन्ही प्रकारचं साहित्य घेतलं आहे. माझी अट एवढीच राहिली की जो दस्तऐवज अडथळा सांगून त्याच दमात त्यावरचं उत्पादन विकतो, तो त्या अडथळ्याचा पुरावा म्हणून धरायचा नाही. या अटीने सात-आठ संदर्भ गेले. आढावा चार पानांनी लहान झाला.

ऑक्टोबरमध्ये मी ते वाक्य पुन्हा लिहिलं. आता त्याचा परिच्छेद झाला होता, आणि तो असा होता:

"'जुन्या प्रणाली' या नावाखाली साहित्यात किमान तीन वेगळ्या अडचणी एकत्र येतात. पहिली, वेबवर न चालणारी साधनं प्रवेश-मध्यस्थातून नेण्याची. हिचा प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. दुसरी, ज्या यंत्रांवर एजंट बसवता येत नाही त्यांची. हिच्यासाठी एनआयएसटीने गटाच्या दाराची मांडणी सुचवली आहे, पण दाराच्या आतलं संरक्षण तिच्यात सैल पडतं. तिसरी, ज्या यंत्रांवर तांत्रिकदृष्ट्या बदल शक्य आहे पण यंत्र क्वालिफाय करण्याच्या नियमांमुळे तो महाग पडतो त्यांची. या आढाव्यात निवडलेल्या साहित्यात हिचा प्रत्यक्ष अभ्यास आढळला नाही. पुष्कळ पेपरांमध्ये या तिन्हींचा उल्लेख उसना आहे."

मॅडमनी यावर रेघ ओढली नाही. त्यांनी पान उलटलं आणि तक्त्यातल्या शेवटच्या स्तंभावर बोट ठेवलं. तो खर्चाचा होता. संस्थेला नेमका किती खर्च आला, कशावर, किती काळ. 'खर्च जास्त आहे' म्हणणारे पुष्कळ, सगळे 'उ' किंवा 'त'. नेमका खर्च सांगणारा 'प्र' एकही नाही, म्हणून स्तंभ रिकामाच होता. बुक आणि सहकाऱ्यांनीही २०२१ मध्येच नोंदवलं होतं की आर्थिक विश्लेषण आणि वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, दोन्हींकडे संशोधकांचं आणि व्यवसायातल्यांचं दुर्लक्ष झालं आहे.

"हा स्तंभ काढून टाकू का?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "रिकामा छाप."

तो तसाच छापला. त्याच्या खाली मी दोन ओळी लिहिल्या, की हा स्तंभ शोध अपुरा पडल्यामुळे रिकामा राहिलेला नाही, आणि शोधाचे शब्द, तारखा व वगळलेल्या पेपरांची कारणं परिशिष्टात दिली आहेत.